वाढलेले 40 कोटी आले कुठून?

‘सप्टेंबर तिमाहीत कंपनीचे उत्पन्न गतवर्षीच्या याच तिमाहीतील 200 कोटी रुपयांवरून 20 टक्क्यांनी वाढून 240 कोटी रुपये झाले. मजबूत मागणी, उत्पादनांचा अनुकूल मेळ आणि नव्या व्यवसायाचे योगदान ही या वाढीची प्रमुख कारणे होत. कार्यक्षमतेतील सुधारणा आणि खर्चावरील काटेकोर नियंत्रण यांमुळे करपूर्व नफा 20 कोटींवरून 28 कोटी रुपयांवर पोहोचला.’

हा मसुदा ज्या कंपनीचा आहे ती मी या लेखापुरती कल्पिलेली आहे. शेतीपंप बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली, मध्यम आकाराची. पण मसुद्याची भाषा मात्र खरी आहे. दर तिमाहीला निकालांबरोबर कंपन्या जे निवेदन काढतात, त्यातले कित्येक परिच्छेद थोड्याफार फरकाने असेच असतात. असे मसुदे वाचून दुरुस्त करणं हे माझं काम. वरच्या परिच्छेदातला एकही आकडा चुकीचा नाही. तरीही तो वाचणाऱ्या शेअरधारकाला हे कळणार नाही की कंपनीचे पंप यंदा कमी विकले गेले, आणि पंपाच्या धंद्यातला नफा वाढण्याऐवजी घटला.

निकालाच्या तक्त्यात काय झालं ते दिसतं, का झालं ते दिसत नाही. ते सांगण्यासाठी व्यवस्थापनाचं विवेचन असतं. अमेरिकेत तिमाही अहवालाचा, म्हणजे ‘टेन-क्यू’ नावाच्या अर्जाचा, तो सक्तीचा भाग आहे. आपल्याकडे सेबीच्या 2015च्या नियमांनुसार तिमाहीचे निकाल 45 दिवसांच्या आत जाहीर करावे लागतात आणि सविस्तर विवेचन वार्षिक अहवालात द्यावं लागतं. तिमाहीला मात्र हे काम प्रसिद्धीपत्रक, गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण आणि विश्लेषकांबरोबरचा फोन कॉल यांतून होतं. पुण्यात खराडी-बाणेरच्या कार्यालयांत बसून परदेशी कंपन्यांचे तिमाही हिशेब जुळवणारे कितीतरी मराठी सीए आहेत. त्यांच्या हातून दोन्ही प्रकारची विवेचनं जातात, आणि दोन्हींतला रोग एकच आहे.

ऑडिटर तिमाही निकालांचा जो ‘लिमिटेड रिव्ह्यू’ करतात तो तक्ते आणि त्याखालच्या टिपांचा. प्रसिद्धीपत्रकातल्या कारणांवर त्यांची सही नसते. ‘मजबूत मागणी’ हे शब्द कुणीही तपासत नाही. म्हणूनच ते इतक्या सहज लिहिले जातात.

मसुदा हातात आला की मी सर्वांत आधी ‘प्रमुख कारणे’ या शब्दांवर थांबते. कारणं तीन दिली आहेत, पण वाढीतला वाटा एकाचाही दिलेला नाही. 40 कोटींपैकी मागणीचे किती? नव्या व्यवसायाचे किती? हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं असं नाही. दर महिन्याच्या आढाव्यात व्यवस्थापकीय संचालकांसमोर हेच आकडे रुपयापर्यंत मांडलेले असतात. बाहेर जाताना ते गळतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ते 40 कोटी फोडणं. गेल्या वर्षी या तिमाहीत कंपनीने एक लाख पंप विकले, सरासरी 20,000 रुपयांना. झाले 200 कोटी. यंदा नेहमीचे पंप विकले गेले 95,400, सरासरी 22,000 रुपयांना, कारण एप्रिलमध्ये कंपनीने दर 10 टक्के वाढवले होते. शिवाय 600 सौरपंप सरकारी योजनेत गेले, त्यांचे सुमारे 12 कोटी आले. हा धंदा गेल्या वर्षी नव्हताच. आणि मे महिन्यात कंपनीने पाइप बनवणारी एक छोटी कंपनी विकत घेतली होती, तिची विक्री 18 कोटी.

आता जुळवून पाहू. पंपांची संख्या 4,600ने घटली, त्यामुळे जुन्या दराने सुमारे 9 कोटी गेले. उरलेल्या 95,400 पंपांवर प्रत्येकी 2,000 रुपये जास्त मिळाले, त्याचे सुमारे 19 कोटी आले. सौरपंपांचे 12, विकत घेतलेल्या कंपनीचे 18. उणे 9, अधिक 19, अधिक 12, अधिक 18. बेरीज 40.

हा ताळेबंद कागदावर आला की मसुद्यातली ‘मजबूत मागणी’ उभीच राहू शकत नाही. मागणी घटली आहे. वाढीतला जवळजवळ अर्धा भाग दरवाढीचा आणि उरलेल्यातला मोठा भाग विकत आणलेला. आकडा वाढलेला दिसतोय म्हणून आतली घट झाकली गेली. अमेरिकी नियमात 2020 साली झालेल्या दुरुस्तीत नेमकं यावरच बोट ठेवलं आहे. एकाच ओळीच्या पोटात दोन मोठे बदल एकमेकांना खोडून काढत असतील, तर दोन्ही वेगवेगळे सांगा आणि त्यामागची मूळ कारणं आकड्यांत आणि शब्दांत द्या, असं ती दुरुस्ती सांगते. वरवर पाहता किरकोळ वाटणारी ही अट माझ्या मते साऱ्या नियमातली सर्वांत उपयोगी अट आहे. कारण लपवायची गोष्ट बहुतेक वेळा बेरजेतच लपते.

इथे एक तांत्रिक खाच आहे. घटलेले 4,600 पंप मी जुन्या दराने मोजले. नव्या दराने मोजले तर घट 9 ऐवजी 10 कोटी येते आणि दरवाढीचा वाटा तेवढाच वाढून 20 कोटी होतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा एका तिमाहीला एक पद्धत आणि पुढच्या तिमाहीला दुसरी वापरली जाते, ज्या वेळी जी सोयीची ती. एक निवडावी, तळटिपेत सांगावी आणि वर्षानुवर्षं तीच ठेवावी.

इतकं झालं की लिहिणाऱ्याला वाटतं काम संपलं. ‘विक्री संख्या घटली, परंतु सरासरी दर वाढल्याने उत्पन्न वाढले’ असं लिहून तो मोकळा होतो. पण हा नुसता गुणाकार झाला. संख्या गुणिले दर म्हणजे उत्पन्न, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. वाचकाला हवं असतं ते त्याच्या पुढचं. पंप कमी का गेले?

अशा वेळी विक्री विभागाच्या प्रमुखांना फोन जातो आणि उत्तर ठरलेलं असतं.

“पाऊस लांबला ना मॅडम. विहिरी भरलेल्या, शेतकरी कशाला पंप घेईल?”

“सगळीकडेच लांबला का, सर?”

“मराठवाडा, विदर्भ… बहुतेक सगळीकडेच.”

“जिल्हावार आकडे पाठवता का? आणि डीलरकडे किती माल पडून आहे तेही?”

या प्रश्नानंतर फोनवर थोडी शांतता असते. उत्तर खोटं नसतं. जुलै ते सप्टेंबर हा पंपांचा तसाही मंदीचा काळ, आणि पाऊस रेंगाळला तर खरेदी रब्बीच्या तोंडावर जाते. पण पाऊस हे असं कारण आहे की ते कुणाच्याच अंगावर येत नाही. म्हणूनच ते पडताळून घ्यावं लागतं, आणि पडताळण्याची साधनं कंपनीतच असतात. गोदामातून कुठल्या जिल्ह्यात किती पंप गेले याची नोंद असते. डीलरकडून शेतकऱ्याकडे किती गेले हे वॉरंटी नोंदणीवरून कळतं. आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांचे निकाल आपल्या आधी लागले असतील तर त्यांच्यावरही तोच पाऊस पडलेला असतो.

समजा आपल्या कंपनीत हे आकडे मांडल्यावर असं दिसलं : 4,600 पैकी सुमारे 3,000 पंपांची घट खरोखर पाऊस लांबलेल्या जिल्ह्यांतली आहे. उरलेली 1,600ची घट मात्र गुजरात आणि उत्तर कर्नाटकातली, जिथे पाऊस गेल्या वर्षीसारखाच होता. तिथल्या डीलरांनी सांगितलं की एप्रिलच्या दरवाढीनंतर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातला स्वस्त पंप घेतं. म्हणजे ज्या दरवाढीने 19 कोटी आले, तिनेच 1,600 पंपांची विक्री घालवली. 20,000च्या दराने तीन कोटींहून अधिक. हे दोन आकडे एकाच निर्णयाचे आहेत आणि ते शेजारी शेजारी लिहिले तरच वाचकाला त्या निर्णयाची किंमत कळते. मसुद्यात तर दोन्ही नव्हते.

वॉरंटी नोंदणी आणखी एका कारणासाठी पाहावी. कंपनीच्या हिशेबात विक्री होते ती डीलरला माल गेला की. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात जास्त उधारी देऊन डीलरच्या दुकानात माल भरला, तर विक्री वाढलेली दिसते आणि पुढच्या तिमाहीत तेवढीच बसते. माल पाठवल्याचा आकडा आणि शेतकऱ्याने नोंदवल्याचा आकडा यांतलं अंतर वाढत असेल, तर विवेचनात तसं लिहिलं पाहिजे. बाहेरच्या वाचकाला वॉरंटीचे आकडे मिळत नाहीत, पण विक्रीपेक्षा येणी जास्त वेगाने वाढली आहेत का हे त्याला सहामाहीच्या ताळेबंदात पाहता येतं.

आता नफा. इथे मसुद्याचा सूर आणखी चढतो, कारण 40 टक्के वाढ आहे. करपूर्व नफा 20 कोटींवरून 28 कोटी. श्रेय कार्यक्षमतेला आणि खर्चनियंत्रणाला. पण तक्त्यात ‘इतर उत्पन्न’ या ओळीकडे पाहिलं तर ती अचानक फुगलेली दिसते. कंपनीने जुन्या कारखान्याची मोकळी जमीन विकली, त्यात 11 कोटींचा फायदा झाला. तो वजा केला की धंद्याचा नफा उरतो 17 कोटी. गेल्या वर्षीपेक्षा तीन कोटी कमी.

ते तीन कोटी कुठे गेले? दरवाढीचे 19 कोटी आले खरे, पण दर वाढवले होते तेच तांबं आणि पोलाद महागल्यामुळे, आणि त्यात 15 कोटी गेले. कमी विकलेल्या पंपांवर मिळाला असता तो सुमारे तीन कोटींचा नफा बुडाला. राहिला एक कोटी. सौरपंपांची निविदा कमी दरात घेतलेली, त्यातून एकच कोटी सुटला. कामगारांशी झालेल्या नव्या वेतनकरारात तीन कोटी वाढले. आणि विकत घेतलेल्या पाइप कंपनीने दोन कोटी मिळवले, पण ती घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज चार कोटी. म्हणजे जिने उत्पन्नात 18 कोटींची भर घातली, तिने नफ्यातून दोन कोटी काढून घेतले. मसुद्यात तिचा उल्लेख फक्त ‘नव्या व्यवसायाचे योगदान’ एवढाच होता. कार्यक्षमता आणि खर्चनियंत्रण ही कारणं या यादीत कुठेही सापडत नाहीत. शोधून पाहिलं तरी नाहीत.

जमीनविक्रीच्या बाबतीत एक सवय मला फार खटकते. एकवेळचा तोटा असला की तो ‘अपवादात्मक बाब’ म्हणून वेगळ्या ओळीत काढला जातो, मोठ्या अक्षरांत समजावला जातो आणि ‘तो वगळता’ नफा सांगितला जातो. एकवेळचा फायदा मात्र ‘इतर उत्पन्ना’त गुपचूप बसतो आणि एकूण टक्केवारीत मिसळून जातो. अमेरिकेत बेटमन आणि वाइट्झ या अभ्यासकांनी 1972 आणि 1974च्या वार्षिक अहवालांतली शेअरधारकांना लिहिलेली पत्रं तपासून 1983 साली दाखवून दिलं होतं की चांगल्या निकालाचं श्रेय कंपन्या स्वतःच्या निर्णयांना देतात आणि वाईट निकालाचं खापर बाहेरच्या परिस्थितीवर फोडतात. आपल्याही मसुद्यात तेच आहे. विचारलं तर घट पावसामुळे, आणि वाढ कार्यक्षमतेमुळे.

एकवेळच्या फायद्याबद्दल गप्प राहिल्याने काय होतं, याचं गाजलेलं प्रकरण कॅटरपिलर कंपनीचं आहे. बुलडोझर आणि मातीकामाची यंत्रं बनवणाऱ्या या अमेरिकी कंपनीला 1989 साली 49.7 कोटी डॉलर नफा झाला. त्यातला सुमारे 23 टक्के नफा एकट्या ब्राझीलमधल्या उपकंपनीचा होता. त्या उपकंपनीचा एकूण विक्रीतला वाटा मात्र पाच टक्क्यांच्या आसपास. इतक्या कमी विक्रीवर इतका नफा यंत्रं विकून झालेला नव्हता. ब्राझीलमध्ये तेव्हा महागाई भडकलेली होती आणि चलनाच्या रूपांतरातून झालेले फायदे, ठेवींवरचं व्याज, निर्यात अनुदान आणि जुन्या तोट्यांमुळे मिळालेली करसवलत यांनी तो नफा फुगला होता. संचालक मंडळासमोर ब्राझीलची चर्चा स्वतंत्रपणे होत होती, कारण तो नफा टिकेल की नाही हे तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहे हे सगळ्यांना दिसत होतं. शेअरधारकांसाठीच्या विवेचनात मात्र ब्राझीलचे आकडे एकूण आकड्यांत विरघळलेले होते.

मार्च 1990 मध्ये फर्नांडो कोलोर ब्राझीलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी महागाई मोडण्यासाठी लगोलग कठोर उपाय लागू केले, लोकांच्या बँकेतल्या ठेवीसुद्धा गोठवल्या. कॅटरपिलरच्या पहिल्या तिमाहीच्या अहवालातही हे अवलंबन किती आहे आणि या बदलांचा एकूण नफ्यावर काय परिणाम होऊ शकतो, हे नीट सांगितलं गेलं नाही. जूनच्या अखेरीस कंपनीने जाहीर केलं की वर्षाचा नफा आधीच्या अंदाजापेक्षा बराच कमी राहील, आणि त्यातला मोठा भाग ब्राझीलमुळे. विश्लेषकांना तेव्हा कुठे कळलं की गेल्या वर्षीचा नफा कुठून आला होता. शेअर कोसळला. अमेरिकेच्या भांडवल बाजार नियामकाने 31 मार्च 1992 रोजी आदेश काढला. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता तो स्वीकारला. दंड नव्हता, पण विवेचन नीट लिहिलं जाईल अशी व्यवस्था उभारण्याचं बंधन घातलं गेलं.

या प्रकरणातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की तिथेही आकडे खोटे असल्याचा आरोप नव्हता. तक्ते बरोबर होते. दोष होता तो फक्त न सांगितलेल्या कारणाचा. व्यवस्थापन आपला धंदा ज्या डोळ्यांनी पाहतं, त्याच डोळ्यांनी तो शेअरधारकाला पाहता आला पाहिजे, ही या विवेचनाची कसोटी. संचालक मंडळाला दिलेला कागद आणि शेअरधारकाला दिलेला कागद शेजारी ठेवले आणि दोघांची गोष्टच वेगळी निघाली, तर दुसरा कागद पुन्हा लिहायला हवा. मी मसुदा दुरुस्त करताना संचालकांसाठीचं महिन्याचं टिपण मागून घेते ते यासाठीच.

कारणाला एक पुढची बाजूही असते. झालं ते पुन्हा होणार का? जमीन एकदाच विकता येते, तर पुढच्या वर्षी याच तिमाहीची तुलना 28 कोटींशी होणार नाही, 17 कोटींशी व्हायला हवी, हे आताच लिहावं. विकत घेतलेल्या कंपनीचे 18 कोटी पुढच्या जूनपर्यंत प्रत्येक तिमाहीला ‘वाढ’ म्हणून दिसतील आणि मग थांबतील. सौरपंपांचे पैसे सरकारी यंत्रणेकडून येतात. 12 कोटींच्या विक्रीपैकी तिमाहीअखेर नऊ कोटी यायचे बाकी असतील तर विक्रीच्या वाक्याला लागूनच ते यावं. रोख रकमेच्या भागात पाच पानं पुढे टाकू नये. यातलं काहीही भाकीत नाही. आज कंपनीला जे ठाऊक आहे, तेवढंच हे आहे. तांब्याचा भाव पुढे कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तसा अंदाज मागितलेलाही नाही. पण दरवाढीने धातूच्या महागाईचे चार रुपये भरून निघतात की पाच, हे कंपनीला माहीत असतं.

आता तो परिच्छेद पुन्हा लिहू.

‘सप्टेंबर तिमाहीत उत्पन्न 200 कोटींवरून 240 कोटी रुपये झाले. यातील 18 कोटी मे महिन्यात विकत घेतलेल्या पाइप कंपनीचे आणि 12 कोटी नव्या सौरपंप व्यवसायाचे आहेत. आमच्या नेहमीच्या पंपांची विक्री संख्येने 4.6 टक्क्यांनी घटली, त्यामुळे उत्पन्न 9 कोटींनी कमी झाले. एप्रिलमधील 10 टक्के दरवाढीमुळे ते 19 कोटींनी वाढले. घटीपैकी सुमारे दोन तृतीयांश घट पाऊस लांबलेल्या जिल्ह्यांतील आहे. ही खरेदी पुढे ढकलली गेली असावी असे डीलरांकडील माहितीवरून दिसते. उरलेली घट गुजरात व उत्तर कर्नाटकातील असून, आमच्या दरवाढीनंतर तेथील ग्राहक स्वस्त पंपांकडे वळले हे तिचे कारण आम्हाला दिसते.

करपूर्व नफा 20 कोटींवरून 28 कोटी रुपये झाला, मात्र त्यात जमीनविक्रीचा 11 कोटींचा एकवेळचा फायदा आहे. तो वगळता नफा 3 कोटींनी घटून 17 कोटी झाला. दरवाढीचे 19 कोटी मिळाले, त्यातील 15 कोटी तांबे व पोलादाच्या महागाईत गेले. कमी विक्रीमुळे 3 कोटी आणि नव्या वेतनकरारामुळे 3 कोटी कमी झाले. सौरपंपांनी 1 कोटीची भर घातली. पाइप कंपनीने 2 कोटी मिळवले, परंतु तिच्या खरेदीसाठी घेतलेल्या कर्जावर 4 कोटी व्याज द्यावे लागले. सौरपंपांचे 9 कोटी तिमाहीअखेर येणे बाकी होते.’

लांबी वाढली. मूळ मसुदा तीन वाक्यांचा होता, हा त्याच्या तिप्पट-चौपट आहे. पण यात एकही कारण रकमेशिवाय उभं नाही, आणि जिथे खात्री कमी आहे तिथे ‘असावी’ आणि ‘आम्हाला दिसते’ असं लिहिलं आहे. विशेषणं बघा, ‘मजबूत’ गेलं, ‘काटेकोर’ गेलं, ‘अनुकूल’ गेलं. ती काढा असं मी सांगितलं नव्हतं. रकमा आल्यावर त्यांना बसायला जागाच उरली नाही.

असा मसुदा वर पाठवला की तो बहुधा परत येतो, आणि परत पाठवणाऱ्यांची सगळीच कारणं वाईट नसतात. विक्री विभाग म्हणतो की गुजरातमध्ये आपण मार खातोय हे प्रतिस्पर्ध्याला कशाला सांगायचं. यात तथ्य आहे. राज्याचं नाव काढून ‘काही बाजारपेठांत’ असं लिहिता येईल, पण दरवाढीमुळे गिऱ्हाईक गेलं हे कारण काढता येणार नाही. नाव झाकणं आणि कारण बदलणं यांत फरक आहे, आणि वाटाघाट पहिल्यावर व्हावी, दुसऱ्यावर नाही. कंपनी सचिव म्हणतात, विश्लेषकांनी फोनवर विचारलं तर सांगू. हे मात्र चालत नाही. जे फोनवर सांगण्याइतकं महत्त्वाचं आहे ते आधी शेअर बाजाराला दिलेल्या कागदात यायला हवं. नाहीतर फोनवर असलेल्या मोजक्यांना कारण आधी कळतं आणि नाशिक-सांगलीतल्या किरकोळ शेअरधारकाला नंतर. वकील म्हणतात, ‘आम्हाला दिसते’ असं लिहून जबाबदारी ओढवून घेऊ नका. माझा अनुभव असा की जबाबदारी ‘मजबूत मागणी’ने जास्त ओढवते, कारण ते विधान कंपनीच्याच आकड्यांनी खोटं ठरतं.

सेबीचे नियम याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. जाहीर केलेली माहिती पुरेशी, अचूक, नेमकी आणि सोप्या भाषेत असावी आणि तिने दिशाभूल होऊ नये, असं त्यात तत्त्वाच्या पातळीवरच म्हटलं आहे. वार्षिक विवेचनात तर महत्त्वाची गुणोत्तरं 25 टक्के किंवा त्याहून जास्त बदलली तर स्पष्टीकरण सक्तीचं आहे. पण या 25 टक्क्यांच्या रेषेचा एक दुष्परिणाम मी पाहते. रेषेच्या आतलं काही समजावायची गरजच नाही असं लिहिणारे धरून चालतात. आपल्या कंपनीत पंपांची संख्या 4.6 टक्क्यांनीच घटली होती, आणि तीच तिमाहीची खरी बातमी होती. शिवाय रेषा ओलांडली तरी स्पष्टीकरणाच्या रकान्यात पुष्कळदा ‘नफा वाढल्यामुळे गुणोत्तर वाढले’ एवढंच सापडतं. तो पुन्हा तोच गुणाकार.

या सगळ्या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी. कारणांची रकमेत वाटणी दिसते तितकी काटेकोर नसते. पाऊस लांबलेल्या जिल्ह्यातला एखादा शेतकरी दरवाढीमुळेही थांबला असेल. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं? 3,000 आणि 1,600 ही विभागणी जिल्ह्यांवरून केलेली आहे, शेतकऱ्यांच्या मनावरून नाही. म्हणून ती ‘सुमारे’ लिहायची, आणि कशावरून काढली ते सांगायचं.

ती बरोबर होती की नाही हे कळायला फार थांबावं लागत नाही. पाऊस लांबल्याने खरेदी पुढे गेली असं सप्टेंबरच्या विवेचनात लिहिलं असेल, तर रब्बी सुरू झाल्यावर त्या जिल्ह्यांत विक्री गेल्या वर्षीपेक्षा वाढलेली दिसायला हवी. म्हणून डिसेंबर तिमाहीचा मसुदा हाती येतो तेव्हा मी आधी सप्टेंबरचा कागद काढते आणि पहिल्या परिच्छेदात एक वाक्य घालायला सांगते : पावसामुळे पुढे गेलेल्या म्हणून सांगितलेल्या सुमारे 3,000 पंपांपैकी किती परत आले. आकडा 2,500 असेल तर तो लिहायचा. 400 असेल तर तोही लिहायचा, आणि घटीचं कारण आम्ही चुकीचं वाचलं होतं हेही.